तीन महिन्यांची झडती



आजच्या विषयात आत्मपरीक्षण हा शब्द पाहून काही मंडळी येथे अध्यात्म ऐकावयास मिळेल या अपेक्षेने आली असतील. त्यांची थोडी निराशा होईल. आम्ही ज्या आत्मपरीक्षणाविषयी बोलणार आहोत, त्याचे साहित्य म्हणजे एक वही, आठ प्रश्न आणि वर्षातील चार ठरलेल्या तारखा. हाती घेतलेली कामे, पैसा, प्रकृती आणि माणसे या चार खात्यांत गेल्या तीन महिन्यांत काय घडले, याची झडती आपली आपण घ्यावयाची, एवढाच हा खटाटोप आहे. अशी वही अनेकजण उत्साहाने सुरू करतात आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला ती बंद पडते. ती का पडते आणि पडू नये म्हणून ती कशी लिहावी, हा आजचा आमचा विषय.

आरंभ एका प्रसिद्ध वहीपासून करू. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) या अमेरिकन गृहस्थाने तरुणपणी तेरा सद्गुणांची एक यादी केली होती. लहानशा वहीत प्रत्येक सद्गुणाला एक पान दिले, पानावर आठवड्याच्या सात दिवसांचे सात उभे रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी आखल्या. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आणि रात्री, जेथे जेथे चूक झाली असेल तेथे काळा ठिपका द्यावयाचा. तेरा गुणांना तेरा आठवडे लागत, म्हणजे वर्षातून बरोबर चार फेऱ्या होत. आज ज्याला आपण तिमाही म्हणतो, तीच ही.

ही हकीकत पुष्कळांनी वाचलेली असते. परंतु त्याच आत्मचरित्रात फ्रँकलिनने आणखी एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नव्या फेरीसाठी तो जुने ठिपके खरवडून काढी. खरवडून खरवडून कागदाला भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर रेघा तांबड्या शाईने कायमच्या आखल्या, आणि ठिपके मात्र शिसपेन्सिलीने देऊ लागला, म्हणजे ओल्या स्पंजने ते पुसता येत. पुढे तो वर्षातून एकच फेरी करू लागला, नंतर कित्येक वर्षांतून एक, आणि शेवटी परदेशच्या प्रवासात व कामांत ती सुटलीच. वही मात्र तो नेहमी जवळ बाळगी.

आता पाहा, ठिपके पुसण्याची ही सोय वरवर पाहता चांगली दिसते. पाटी कोरी होते, नवा आरंभ होतो. पण त्या स्पंजाबरोबर या फेरीत मागच्यापेक्षा ठिपके कमी पडले की अधिक, हे ताडून पाहण्याचा पुरावाही पुसला जात होता. आजच्या आमच्या सगळ्या म्हणण्याचे सार येथे आहे. तिमाही झडतीत प्रश्नाला महत्त्व आहे, आजच्या उत्तराला त्याहून थोडे अधिक आहे, पण सर्वांत अधिक महत्त्व आहे ते मागच्या खेपेस लिहून ठेवलेल्या उत्तराला.

कोणी म्हणेल, मागचे आम्हाला आठवते की! तर ते तसे आठवत नाही, आणि याचा फार चांगला दाखला आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि नंतर रशियाला गेले. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी त्या भेटींपूर्वी इस्राएलमधील विद्यार्थ्यांना विचारले की, या भेटीत अमुक घडेल, तमुक घडेल, याची शक्यता तुम्हाला किती वाटते? भेटी झाल्यानंतर काही काळाने त्याच विद्यार्थ्यांना विचारले की, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता तो आठवून सांगा. १९७५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जी गोष्ट घडली असे त्यांना वाटत होते, तिच्याविषयी आपण आधीच अधिक खात्री दिली होती, असे त्यांना एकंदरीने आठवू लागले होते. कोणी खोटे बोलत नव्हते. घडून गेलेले कळले की पूर्वीचे मत मनातल्या मनात बदलते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जानेवारीत आपण काय ठरवले होते, हे एप्रिलमध्ये मनाला विचारण्यात अर्थ नसतो. ते वहीला विचारावे लागते.

आता, तीनच महिने का? रोजची झडती थोड्याच दिवसांत कंटाळवाणी होते, आणि वर्षाची झडती इतकी उशिरा येते की चूक निस्तरण्याची वेळ निघून गेलेली असते, हे कारण आहेच. पण याहून चांगले कारण मधुमेही मंडळींच्या परिचयाचे आहे. रक्तातील साखरेची एक तपासणी सकाळी उपाशीपोटी करतात. दुसरी एचबीएवनसी नावाची असते. तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते, आणि या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते; म्हणून ही दुसरी तपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. डॉक्टरांकडे जावयाच्या आधी दोन दिवस गोड सोडले, तर उपाशीपोटीची साखर चांगली दिसू शकते. तेवढ्याने एचबीएवनसी बधत नाही. तिमाहीचा प्रश्न या दुसऱ्या तपासणीसारखा असावा. दोन दिवसांच्या शहाण्या वागण्याने ज्याचे उत्तर बदलते, तो प्रश्न या वहीत नको. अर्थात मापालाही मर्यादा असतात. रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर हीच तपासणी फसवू शकते. आकडा लिहिताना शेजारी परिस्थितीची एक ओळ लिहावी, ती एवढ्याचसाठी.

तारखेचेही असेच. "सवड मिळाली की बसू" असे म्हणणाऱ्याला सवड मिळत नाही, कारण ज्या तिमाहीत झडतीची गरज सर्वांत अधिक असते, त्याच तिमाहीत सवड सर्वांत कमी असते. म्हणून तारीख आपल्या मनाबाहेर बांधलेली हवी. इंग्लंडात पूर्वी २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर हे चार दिवस ठरलेले असत. घरभाडी त्या दिवशी भरावयाची, नोकरांचे करार त्या सुमारास व्हावयाचे. आपल्याकडे आगाऊ प्राप्तिकर भरणाऱ्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाठ असतात, कारण चुकले तर व्याज पडते. कोणी विचारील, मग आपले साडेतीन मुहूर्त काय वाईट? मुहूर्त म्हणून उत्तमच. पण पाडवा आणि अक्षय्य तृतीया यांत जेमतेम महिन्याचे अंतर, दसरा आणि बलिप्रतिपदा यांत तीन आठवड्यांचे, आणि मधला उन्हाळा-पावसाळा सगळा मोकळा! झडतीला सारखे अंतर लागते. नाहीतर यंदा खर्च कमी झाला की दिवसच कमी होते, हे कळत नाही.

आमच्या मते जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची ५ तारीख नोकरदाराला बरी पडते. तिमाही संपलेली असते, पगार झालेला असतो आणि पासबुकात नोंदी उतरलेल्या असतात. त्या दिवशी प्रश्न आपल्याकडे चालून यावेत, आपण त्यांना शोधत जाऊ नये. मोबाईलमध्ये दर तीन महिन्यांनी वाजणारी आठवण लावता येते, आणि आठही प्रश्न तिच्यातच लिहून ठेवता येतात. किंवा एखाद्या स्नेह्याशी ठरवावे की त्याने तुमच्या प्रश्नांचे पाकीट त्या दिवशी तुमच्या घरी टाकावे, तुम्ही त्याचे त्याच्या घरी. उत्तरे एकमेकांना दाखवावयाची नाहीत. पाकीट पोचले एवढीच साक्ष पुरे.

आता ते आठ प्रश्न. कामांविषयी दोन: मागच्या खेपेस लिहिलेले एक काम कोणत्या तारखेस पुरे झाले, आणि झाले नसेल तर नेमके कोठे अडले? येत्या तेरा आठवड्यांतील एकच काम कोणते, आणि त्याची पहिली पायरी कोणत्या दिवशी? पैशाविषयी दोन: आज एकूण देणे किती आणि शिल्लक किती? न ठरवता झालेला सर्वांत मोठा खर्च कोणता? प्रकृतीविषयी दोन: मोजलेला एक आकडा कोणता? तिमाहीतील किती दिवस ठरवलेला व्यायाम झाला? आणि माणसांविषयी दोन: ज्या तिघांवाचून आपले चालत नाही, त्यांच्याशी शेवटचे निवांत बोलणे कोणत्या तारखेस झाले? कोणाला दिलेला कोणता शब्द अद्याप पाळावयाचा राहिला आहे?

यांत "प्रकृती कशी आहे?" किंवा "घरी सगळे ठीक ना?" असा प्रश्न नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. अशा प्रश्नाला "ठीक" हे एकच उत्तर असते. आमच्या आठही प्रश्नांचे उत्तर तारीख, आकडा किंवा नाव याच रूपात द्यावे लागते, आणि "ठीक" हा शब्द त्यांत कोठे बसतच नाही.

उत्तरे लिहिण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम काहीही न पाहता आठवणीतून उत्तर लिहावे. मग पासबुक, दिनदर्शिका, तपासणीचा कागद काढून खरे उत्तर त्याच्या शेजारी लिहावे. त्यानंतरच मागचे पान उघडावे. शेवटी पुढच्या खेपेस प्रत्येक आकडा किती असेल, याचा आपला अंदाज लिहून वही मिटावी. या सगळ्याला दीड तास पुरतो.

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहण्यासाठी आपण एक गृहस्थ कल्पू. वय ४८, तालुक्याच्या गावी नोकरी, हाती पगार ५८,०००, मुलगा परगावी कॉलेजात, स्वतःला मधुमेह. वडील वारलेले, गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. थोरली बहीण, जिला हे आक्का म्हणतात, ती दुसऱ्या गावी नांदते. ५ ऑक्टोबरला त्यांनी वहीचे पहिले पान लिहिले आणि तिमाहीचे एकच काम म्हणून "वारस नोंद करून घेणे" असे लिहिले.

५ जानेवारीस ते पुन्हा बसले. पैशाच्या प्रश्नाला आठवणीतून उत्तर दिले, "कर्ज फिटत चालले आहे." कागद काढले. ऑक्टोबरमध्ये देणे १,८४,००० होते, ते आता १,७१,००० झाले होते. म्हणजे खरोखरच १३,००० फिटले होते. पण ऑक्टोबरमधली शिल्लक ४१,००० होती, ती २६,००० वर आली होती. देण्यातून शिल्लक वजा केली तर पूर्वी १,४३,००० ची उणी बाजू होती, ती आता १,४५,००० झाली होती. कर्ज फिटत होते ते शिलकीतून, आणि वर २,००० ची घसरण. न ठरवलेला मोठा खर्च म्हणून पासबुकात मुलाच्या मोबाईलचे १४,००० सापडले. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो फक्त हप्ता पाहतो. दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच ते दिसते.

प्रकृतीचे पाहा. चालण्याविषयी आठवणीतले उत्तर "जवळजवळ रोज" असे होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ९२ दिवसांपैकी ३१ दिवसांवर खुणा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक दिवाळीपूर्वीच्या. एचबीएवनसी ७.६ वरून ८.१ वर गेली होती. कारण शोधावयास फार खोल जावे लागले नाही. थंडीत पहाटे अंधार असतो आणि अंथरूण सुटत नाही. उपाय एवढाच ठरला की चालणे रात्रीच्या जेवणानंतर न्यावयाचे आणि आकडा डॉक्टरांना दाखवावयाचा.

आता कामाचा प्रश्न. वारस नोंद झाली नव्हती. कोठे अडले? प्रथम त्यांनी लिहिले, "वेळ झाला नाही." पण वेळ कशाला लागणार होता? वडिलांचा मृत्यूचा दाखला घरात होता, आणि चावडीत अर्ज द्यावयास अर्धा दिवस पुरे होता. अर्जात सगळ्या वारसांची नावे लिहावी लागतात. मग ते सातव्या प्रश्नाकडे आले. तीन नावांत आक्काचे नाव होते, आणि तिच्यापुढची तारीख होती गेल्या राखीपौर्णिमेची. भाऊबीजेला "रजा नाही" असे कळवून ते गेले नव्हते. आठव्या प्रश्नापुढे लिहिले, "आक्काला, जमिनीविषयी सावकाश बोलू म्हणालो होतो."

येथे ही वही आपले काम करते. काम अडले होते ते चावडीत नव्हे. तिने हक्कसोडपत्रावर सही करून द्यावी, अशी यांची मनातून इच्छा होती. ते मागण्याचे धैर्य नव्हते, आणि न मागता तिचे नाव अर्जात घालावयाचीही तयारी नव्हती. म्हणून काम पुढे ढकलले जात होते, आणि कामाबरोबर बहिणीचे घरही. कामाचे खाते आणि माणसांचे खाते ही दोन पाने वेगवेगळ्या दिवशी लिहिली असती, तर एका ठिकाणी "वेळ नाही" आणि दुसऱ्या ठिकाणी "बरेच दिवसांत भेट नाही" अशी दोन निरुपद्रवी वाक्ये राहिली असती. एका बैठकीत, एका पानावर लिहिल्यामुळे दोन्हींचे कारण एकच आहे हे दिसले. चारही खाती एकाच दिवशी घ्यावयाची, ती यासाठी. मात्र ओढूनताणून सगळ्यांचे धागे जोडू नयेत. चालण्याचा आणि आक्काचा काही संबंध नव्हता.

त्यांनी पुढच्या तिमाहीचे काम बदलून लिहिले: "२६ जानेवारीच्या सुटीत आक्काकडे जाणे आणि तिचे म्हणणे ऐकणे." ते गेले. आक्काने सही देण्याचे नाकारले. "बाबांच्या कागदावर माझं नाव राहू दे," एवढेच ती म्हणाली. यांना ते फारसे रुचले नाही. पण मुलीचा हक्क कायद्याने आहेच, आणि अडलेले कोठे आहे ते आता उघड झाले होते. फेब्रुवारीत दोघांच्या नावांचा अर्ज गेला. ५ एप्रिलच्या पानावर नोंद अजून व्हावयाची होती, पण आक्कापुढची तारीख मार्चमधली होती. देणे १,५८,०००, शिल्लक २९,०००. उणी बाजू १,२९,००० वर आली होती, म्हणजे १६,००० ची सुधारणा. एचबीएवनसी ७.५. जानेवारीत त्यांनी अंदाज लिहिला होता सातचा. तोही पानावर तसाच राहिला, खोडला नाही.

आता ही वही बिघडते कशी, ते सांगून आम्ही आटोपते घेऊ. पहिला बिघाड म्हणजे प्रश्न दर खेपेस बदलणे. नवा प्रश्न सुचला की जुना काढावासा वाटतो, आणि काढला जातो तो बहुधा टोचणारा असतो. प्रश्न वर्षभर बदलू नयेत; बदलावयाचे तर वर्षाखेरीस, एक किंवा दोन. दुसरा बिघाड म्हणजे तेच काम तीन वेळा जसेच्या तसे लिहिले जाणे. तिसऱ्यांदा ते लिहिण्याची वेळ आली, की ते काम अर्धे करावे किंवा उघडपणे सोडून द्यावे; चौथ्यांदा लिहू नये. सोडलेले काम हे खोट्या कामापेक्षा बरे असते. तिसरा बिघाड वरून दिसत नाही. उत्तरे नेटकी येतात, आकडे भरले जातात, पण पान लिहून झाल्यावर पुढच्या तेरा आठवड्यांच्या दिनदर्शिकेत एकही नवी खूण पडत नाही. असे दोनदा झाले तर समजावे की वही आता कारकुनी झाली आहे.

आणि एक मर्यादा मुद्दाम सांगावीशी वाटते. माणसांच्या खात्यात तारीख लिहावी, गुण लिहू नयेत. बायकोला दहापैकी सात आणि भावाला चार, असे कोणी लिहू लागला तर ती झडती स्वतःची न राहता दुसऱ्याची होते. तारीख मात्र आपलीच असते. भेटावयास आपण गेलो होतो की नाही, एवढेच ती सांगते. तसेच, ज्याच्यामागे सावकाराचा तगादा आहे किंवा ज्याच्या छातीत दुखते आहे, त्याने ५ तारखेची वाट पाहू नये. तिमाहीची वही हळूहळू होणाऱ्या गोष्टींसाठी आहे. आग लागल्यावर ती उघडावयाची नसते.

श्रोतेहो, पुढची ५ तारीख जुलैची आहे. त्या दिवशी ताडून पाहावयास मागचे पान लागेल, आणि ते आज कोणाजवळ नसेल. म्हणून घरी गेल्यावर आजचे चारच आकडे आणि तीन नावांपुढच्या तीन तारखा एका कागदावर लिहाव्यात, आणि खाली जुलैचा अंदाज लिहावा. शाईने लिहावे, म्हणजे पुसण्याचा मोह होणार नाही.